मायचं सोनं मोडायचं आहे, टॅक्स लागतो का?

प्रश्न: आई 2023 ला गेली, बाबा त्याआधीच. तिच्या अंगावरचं साडेनऊ तोळे सोनं आम्ही दोघं भाऊ अन बहीण मिळून मोडतोय. बिल एकाचंही नाही. काही 1978 च्या लग्नातलं, काही 2012 ला कापसाच्या पैशात केलेलं. मी अन बहीण शेतीवर, धाकटा झेडपीत शिक्षक, त्याचाच रिटर्न जातो म्हणून त्याच्या नावावर विकू म्हणतो. माझ्याकडे धनतेरसची 5-5 ग्रामची दोन नाणी आहेत (2022 अन 2024 ची) आणि मे 2018 चे पोस्टातून घेतलेले 20 ग्रामचे गोल्ड बॉण्ड. टॅक्स किती लागेल? सोनार म्हणतो रोख घ्या, काही लागत नाही.

उत्तर:

सगळ्यात आधी एक सांगतो, सोनाराला आज गाळायला देऊ नका. आठ दिवस थांबा. टॅक्सचा आकडा नंतर काढता येतो, पण एकदा डोरलं, पाटल्या, एकदाणी मुशीत गेली की लगडीकडे बघून कोणीच सांगू शकत नाही की हे 1978 चं की मागच्या वर्षीचं. आणि तुमचा सगळा हिशोब त्याच गोष्टीवर उभा आहे. मी दर्यापूरकडच्या भागात वीसेक वर्षं रिटर्नची कामं करतो, सोन्याच्या केसमध्ये माणूस अडकतो तो दरामुळे नाही तर पुरावा आधीच वितळून गेला म्हणून.

आता टॅक्स लागतो का, तर हो, लागतो. अंगावरचे कपडे, घरातली भांडी विकली तर काही नाही पण दागिना त्यात धरत नाहीत, कायद्यानं दागिना हा जमिनीसारखाच मालमत्ता आहे. विकून जो नफा होतो त्यावर टॅक्स, पूर्ण किमतीवर नाही. बरेच जण मला म्हणतात, "सायेब, 500 ग्रामपर्यंत तं माफ आहे ना?" ते 500 ग्राम लग्न झालेल्या बाईसाठी, 250 कुमारीसाठी अन 100 पुरुषासाठी, हे 1994 च्या एका सूचनेतलं आहे आणि ते धाड पडली तर अधिकाऱ्यानं किती सोनं जप्त करू नये एवढ्यापुरतं आहे. विकण्याशी त्याचा काही संबंध नाही.

नफा म्हणजे विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत. तुम्हाला सोनं फुकटात आलं असलं तरी खरेदी शून्य धरत नाहीत. वारसानं आलेल्या वस्तूला आईची खरेदी किंमत अन आईची खरेदी तारीख तुमचीच समजली जाते. म्हणजे आई 2023 ला गेली तिथून मोजायचं नाही, आईकडे ते कधी आलं तिथून मोजायचं. सोनं 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेलं असलं की दीर्घ मुदतीचं, त्याला 12.5 टक्के अन वर 4 टक्के सेस. 23 जुलै 2024 च्या आधी हे 36 महिने होते अन दर 20 टक्के, पण तेव्हा महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरता यायची, त्याला इंडेक्सेशन म्हणतात, ते आता सोन्याला राहिलं नाही. जमीन-घराला जुना पर्याय काही बाबतीत ठेवला, सोन्याला नाही ठेवला.

एक गोष्ट मात्र राहिली अन ती तुमच्या कामाची आहे. 1 एप्रिल 2001 च्या आधीची वस्तू असेल तर 1978 चा भाव शोधत बसायची गरज नाही, 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव हीच खरेदी किंमत धरता येते. त्या वेळी शुद्ध सोनं 10 ग्रामला 4,200-4,300 च्या घरात होतं, म्हणजे 22 कॅरेटचं ग्रामला 390 च्या आसपास. आजच्या भावापुढे हे काहीच नाही, मान्य आहे, पण 1978 च्या भावापेक्षा बरंच जास्त आहे. 2012 ला केलेल्या दागिन्याला ही सोय नाही, त्याला 2012 चाच खरा खर्च लागेल, मजुरी धरून.

म्हणून वस्तू दोन ढिगांत वेगळ्या करा, 2001 च्या आधीची अन नंतरची, आणि त्याचा पुरावा गोळा करा. बिल नाही म्हणून हातपाय गाळू नका, आपल्याकडे बिलं कोणाकडेच नसतात. लग्नातली देण्याघेण्याची यादी बघा, मामाकडे नाहीतर आत्याकडे जुन्या ट्रंकेत निघते, त्यात "पाटल्या जोड, एकदाणी, तोळे अमुक" असं लिहिलेलं असतं. लग्नाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो बघा. पण माझ्या अनुभवात सगळ्यात भक्कम कागद म्हणजे गहाणाची पावती. आपल्याकडे मृगाच्या तोंडावर बियाण्या-खतासाठी बायकोचं सोनं बँकेत नाहीतर पतसंस्थेत ठेवायचं अन दिवाळीनंतर कापूस विकून सोडवायचं हे घरोघरी चालत आलंय. त्या पावतीवर दागिन्याचं नाव, नग, एकूण वजन, निव्वळ वजन, तारीख सगळं असतं. माझ्याकडे एका बाईची 1996 ची अशी पावती आली होती, चार घड्या पडलेली, कडेला हळदीचा डाग, पण "पाटल्या नग 2, वजन 41.200" हे स्पष्ट वाचता येत होतं. 1996 ला गहाण होतं म्हणजे 2001 च्या आधी घरात होतंच, यापुढे कोणी काय विचारणार?

वजनाच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा. जुन्या यादीतला तोळा 11.66 ग्रामचा असतो, बारा माश्यांचा, आजचा सोनार तोळा म्हणजे 10 ग्राम धरतो. यादीत 6 तोळे लिहिलेत अन काट्यावर 70 ग्राम भरले तर कोणी म्हणेल दहा ग्राम कुठून वाढले, तेव्हा तुम्हाला हे सांगता आलं पाहिजे.

हे झालं की नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडे जा, इन्कम टॅक्सकडे दागिन्यांसाठी रजिस्टर असलेला व्हॅल्युअर, अकोला-अमरावती-नागपूरकडे मिळतात. गावातल्या सोनाराची चिठ्ठी वेगळी अन त्याचा रिपोर्ट वेगळा. त्यानं प्रत्येक नगाचा फोटो, एकूण वजन, लाख-मणी-खडे वजा करून निव्वळ वजन, टंच, अन 1 एप्रिल 2001 ची किंमत लिहून द्यायची. हे दागिना अखंड असतानाच होतं, म्हणून मी गाळू नका म्हणतोय.

आता कोणाच्या नावावर विकायचं. इथं तुमच्या धाकट्याचा विचार साफ चुकतोय, बापा. रिटर्न त्याचा जातो म्हणून त्याच्या नावावर टाकणं हा सगळ्यात महाग रस्ता आहे.

हिशोब करून बघू. काट्यावर 95 ग्राम, त्यातून मणी, लाख, झाळ वजा जाऊन 22 कॅरेटचे निव्वळ 90 ग्राम निघाले असं धरू. त्यातले 66 ग्राम लग्नातले, 24 ग्राम 2012 चे. सोनार ग्रामला 14,000 देतो असं धरलं तर 12,60,000 रुपये येतात. लग्नातल्या 66 ग्रामची 2001 ची किंमत 390 नी 25,740. 2012 ला 22 कॅरेट ग्रामला साधारण 2,800 होतं, 24 ग्रामचे 67,200 अन मजुरी 4,800, मिळून 72,000. एकूण खरेदी 97,740. नफा 11,62,260.

हे सगळं शिक्षक भावाच्या नावावर गेलं तर त्याच्या पगारातच त्याची मूळ सूट संपलेली आहे, त्यामुळे पूर्ण नफ्यावर 12.5 टक्के, सेस धरून 1,51,094 रुपये. वर आणखी एक, नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत पगारदाराला जी टॅक्समाफी मिळते ती सोन्याच्या या नफ्यावरच्या टॅक्सला चालत नाही, आणि पगार अधिक नफा मिळून एकूण 12 लाखांच्या वर गेलं की पगारावरची माफी पण जाते. म्हणजे दुहेरी मार.

आणि खरं तर हे सोनं एकट्याचं नाहीच. आई गेली, बाबा आधीच गेलेले, म्हणजे तिघं भावंडं सारख्या हिश्श्याचे वारस. प्रत्येकाचा नफा 3,87,420. आता तुमचं अन ताईचं उत्पन्न फक्त शेतीचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, ते करपात्र उत्पन्नात येतच नाही, म्हणून नव्या पद्धतीतली 4 लाखांची मूळ सूट तुमच्याकडे पूर्ण शिल्लक आहे, अन दीर्घ मुदतीच्या नफ्यातून ती वजा करता येते. 3,87,420 हे 4 लाखांच्या आत, म्हणून तुमचा टॅक्स शून्य, ताईचा शून्य. धाकट्याला त्याच्या हिश्श्यावर 50,365 भरावे लागतील. घर मिळून एक लाख वाचले, अन यात लपवाछपवी काहीच नाही, ज्याचं त्याच्या नावावर दाखवलं एवढंच. सगळं तुमच्या एकट्याच्या नावावर केलं असतं तरी 4 लाख एकदाच वजा होऊन 99,000 च्या वर गेलं असतं.

पण "फक्त शेतीचं" म्हणजे खरंच फक्त शेतीचं आहे ना ते तपासा. दुधाचा धंदा, ट्रॅक्टर भाड्यानं देणं, एफडीचं व्याज हे शेतीत धरत नाहीत, ते 4 लाखांच्या सुटीतून आधी खातं. तुमच्या बॉण्डचं व्याज पण, ते पुढे सांगतो.

हे कागदावर नीट बसवायचं असेल तर मोडायच्या आधी वाटणीचा साधा कागद करा, तिघांच्या सह्या, दोन साक्षीदार, प्रत्येकाला कोणते नग, किती वजन. मग प्रत्येकानं आपापलं सोनं आपल्या पॅनवर मोडायचं, सोनाराकडून तीन वेगळ्या खरेदी पावत्या, अन पैसे तीन वेगळ्या खात्यात. नग कापून वाटणी करायला मन होत नसेल (आईच्या पाटल्या कापताना माणसाचं काय होतं हे मी समोर पाहिलंय) तर एकत्र विका पण पावतीवर तिघांची नावं अन हिस्से लिहून घ्या. वाटणीत दोन्ही काळातलं सोनं सारखंच यावं हे बघा, नाहीतर नफा सारखा पडणार नाही. आणि ताईचा हिस्सा खरंच ताईच्या खात्यात गेला पाहिजे. कागदावर बहिणीचा हिस्सा अन पैसा भावाच्या खात्यात, हे मी कोणालाच करू देत नाही. ते टॅक्सच्या दृष्टीनं तर टिकत नाहीच, पण ते तिच्या आईचं सोनं आहे, तिला मिळालंच पाहिजे. तिनं नंतर स्वखुशीनं भावाला काही दिलं तर सख्ख्या बहिणीच्या बक्षिसावर टॅक्स नाही, तो तिचा प्रश्न.

रोखीचं. सोनारानं रोख घ्या म्हटलं यात त्याची सोय आहे, तुमचा घात आहे. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहाराचे 2 लाख किंवा जास्त रोख घेतले तर जेवढी रोख तेवढाच दंड, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. इथं घेणारे तुम्ही. एका व्यवहाराचे तुकडे करून चार दिवस थोडे थोडे घेतले तरी ते त्यातच येतं. खरी दुकानं चेक नाहीतर आरटीजीएसच देतात कारण रोखीची खरेदी त्यांच्या वहीत त्यांनाही अडचणीची असते. जो दुकानदार पावती नाही, रोख घ्या म्हणतो त्याच्या वहीत तुमचं सोनं येणारच नाही.

याचं पुढं काय होतं ते मी जवळून बघितलंय. नोटबंदीच्या वेळी एका शेतकऱ्यानं खात्यात 3 लाख 80 हजार रोख भरले. बायकोचं सोनं मोडलेलं, पैसा सरळ, पोरीच्या लग्नासाठी ठेवलेला. नोटीस आली तेव्हा माझ्याकडे आला. मी म्हटलं पावती आणा. तो सोनाराकडे गेला तर सोनारानं हात वर केले, मी घेतलंच नाही म्हणे. फोटो नाही, यादी नाही, वजन नाही. सोनं तर कधीच गळून गेलेलं. ती रक्कम अघोषित पैसा म्हणून धरली गेली, त्या वर्षी त्याला 60 टक्के दर अन सरचार्ज-सेस मिळून 77 टक्क्यांच्या वर. नीट पावतीनं विकलं असतं तर त्याला जवळपास काहीच लागलं नसतं. अपिलात काही करता आलं नाही, दाखवायला हातात काही नव्हतंच. तेव्हापासून मी प्रत्येकाला गाळायच्या आधी या म्हणतो.

जुनं देऊन नवीन घ्यायचं ठरलं तरी हेच लागू. लोकांना वाटतं पैसा हातात आला नाही म्हणजे विक्री नाही. जुन्याची मोड धरून सोनार नव्यातून वजा करतो तिथं जुनं विकलंच गेलं, नफा मोजावाच लागतो. गहाण ठेवणं मात्र विक्री नाही. पण गहाण सोडवलं नाही अन बँकेनं लिलाव केला तर ती विक्री तुमचीच, पैसा कर्जात वळता झाला तरी.

नाण्यांचं. नियम दागिन्याचेच, फक्त प्रत्येक नाण्याची तारीख वेगळी मोजायची. 2022 च्या धनतेरसचं नाणं दीर्घ मुदतीचं झालंय. समजा जीएसटी धरून 27,000 ला घेतलं अन आता 76,000 ला गेलं तर 49,000 नफा. तो याच वर्षी आईच्या सोन्याच्या हिश्श्यात मिळवला की तुम्ही 4 लाखांच्या वर जाता अन पाचेक हजार टॅक्स बसतो. 31 मार्च जवळच आहे, नाणं 1 एप्रिलनंतर विका, पुढच्या वर्षाची सूट नवीन असते. 2024 च्या धनतेरसचं नाणं 29 ऑक्टोबर 2026 च्या आत विकलं तर अल्प मुदतीचं, ते साध्या उत्पन्नासारखं स्लॅबमध्ये जातं. गरज नसेल तर दिवाळी 2026 पर्यंत ठेवा. नाण्याचं सील, नंबर अन बिल एकत्र ठेवा म्हणजे कोणतं कधीचं हे कळेल.

बॉण्डला हात लावू नका. 2018 च्या मे मधले म्हणजे आठ वर्षं या मे महिन्यात पूर्ण होतात, मुदत संपून रिझर्व्ह बँकेकडून पैसे आले की त्या नफ्यावर व्यक्तीला टॅक्स नाही. तेच आज डिमॅट करून शेअर बाजारात विकले तर 12.5 टक्के. 2026 च्या बजेटात यात बदल आणलाय, 1 एप्रिल 2026 पासून ही माफी फक्त ज्यानं सरकारकडून सुरुवातीलाच घेतले अन मुदत संपेपर्यंत ठेवले त्यालाच. तुम्ही पोस्टातून स्वतः घेतले अन आठ वर्षं ठेवले, म्हणून तुम्ही त्यात बसता. ज्यांनी बाजारातून दुसऱ्याचे विकत घेतले ते आता बसत नाहीत. तुम्ही फक्त एवढं करा, बॉण्डला जोडलेलं खातं चालू आहे का अन आयएफएससी तोच आहे का हे पोस्टात जाऊन बघा, आठ वर्षांत कित्येक बँका एकमेकींत गेल्या. दर सहा महिन्याला येणारं अडीच टक्के व्याज मात्र करपात्र असतं, तुमचं वर्षाला साधारण 1,550 होतं. त्यातून टीडीएस कापत नाहीत म्हणून लोक ते विसरतात. तुमच्या 3,87,420 मध्ये ते मिळवलं तर 3,88,970, अजून 4 लाखांच्या आतच.

धाकट्याला 50,000 वाचवायचे असतील तर एक वाट आहे, घर. सोनं विकून आलेली पूर्ण रक्कम, नुसता नफा नाही, राहत्या घरात घातली तर दीर्घ मुदतीचा नफा माफ होतो, दोन वर्षांत तयार घर घ्यायचं नाहीतर तीन वर्षांत बांधायचं. विकायच्या दिवशी त्याच्या नावावर एकापेक्षा जास्त घरं नसावीत. अर्धीच रक्कम घातली तर अर्धाच नफा माफ. विहीर, बोअर, ट्रॅक्टर, शेत, पोरीचं लग्न, दवाखाना यातलं काहीही यात बसत नाही, हे सांगताना वाईट वाटतं कारण आपल्याकडे सोनं मोडलं जातं ते यासाठीच. जमीन-घर विकल्यावर जे सरकारी बॉण्ड घेऊन टॅक्स वाचतो ते पण सोन्याला चालत नाहीत.

रिटर्न आयटीआर-2 मध्ये जाईल, सहज नावाच्या आयटीआर-1 मध्ये हा नफा बसत नाही. धाकटा दरवर्षी सहजच भरत असणार, त्याला सांगून ठेवा. अन त्यानं 15 मार्चच्या आत अॅडव्हान्स टॅक्स भरून टाकावा म्हणजे व्याज लागणार नाही. तुम्हाला अन ताईला रिटर्न सक्तीचा नाही कारण 4 लाखांच्या आत आहात, तरी मी म्हणेन 31 जुलैच्या आत भराच, त्यात शेतीचं उत्पन्न पण दाखवा. चार लाखांची रक्कम खात्यात आली अन दोन वर्षांनी कोणी विचारलं तर उत्तर आधीच दिलेलं असेल.

उद्याच्या उद्या मामाकडे यादीसाठी फोन करा अन आई-बाबा ज्या पतसंस्थेत सोनं ठेवायचे तिथे जुनी गहाण वही निघते का विचारा. सेक्रेटरी ओळखीचा असेल तर नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल देतो. ती आणि दागिन्यांचे फोटो हाती आले की मग व्हॅल्युअरची वेळ घ्या.